चालू गेस्टची डिस्क हलवताना मिरर ९९ टक्क्यांवर का अडकतो आणि तेव्हा काय करावे

प्रॉक्समॉक्सवर चालू असलेल्या गेस्टची डिस्क एका स्टोरेजवरून दुसऱ्या स्टोरेजवर हलवण्याची सोय अनेक वर्षांपासून आहे आणि बहुतेक वेळा ती विनातक्रार चालते. गेस्टच्या Hardware पानावर डिस्क निवडून Disk Action मधून Move Storage दिले, की काम सुरू होते आणि गेस्टमधील वापरकर्त्यांना सहसा काही कळतही नाही. मात्र एक तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते. डिस्क जवळजवळ पूर्ण नकलली जाते, टास्क लॉगमध्ये ९९ टक्के दिसू लागतात आणि तेथून पुढे काम तासन्‌तास सरकत नाही. कंटाळून कोणीतरी टास्क थांबवतो, रात्री पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा तेच घडते. या अडकण्याचे कारण बहुतेक वेळा बिघाडात नसून साध्या गणितात असते, आणि ते गणित आधी मांडले तर ही वेळ टाळता येते.

आतमध्ये काय घडते

गेस्ट चालू असताना डिस्क हलवण्याचे प्रत्यक्ष काम क्यूएमू करतो. तो नव्या स्टोरेजवर तेवढ्याच आकाराची डिस्क उघडतो आणि मिरर नावाचे काम सुरू करतो. या कामाच्या हाताशी एक नकाशा असतो. डिस्कचे सारखे तुकडे पाडून, कोणता तुकडा अजून नकलायचा आहे याची खूण त्या नकाशात ठेवलेली असते. सुरुवातीला सर्वच तुकडे बाकी असतात. नक्कल पुढे सरकते तशा खुणा पुसल्या जातात. त्याच वेळी गेस्टचे लेखनही चालूच असते आणि ते नेहमीप्रमाणे जुन्या डिस्कवर होते. नकलून झालेल्या एखाद्या तुकड्यावर गेस्टने पुन्हा लिहिले, तर त्या तुकड्याची खूण परत लागते आणि तो पुन्हा नकलावा लागतो.

काम संपण्यासाठी एक क्षण तरी असा यावा लागतो, की नकाशात एकही खूण उरलेली नाही आणि वाटेत असलेले एकही लेखन बाकी नाही. तसा क्षण आला की लॉगमध्ये `ready` हा शब्द उमटतो, गेस्टचे डिस्कव्यवहार अगदी थोडा वेळ रोखले जातात आणि गेस्ट नव्या डिस्कवर वळवला जातो. तो क्षण आलाच नाही, तर काम स्वतःहून कधीच संपत नाही. ते चूक झाल्याचा संदेश देऊन अपयशीही ठरत नाही, फक्त चालत राहते.

येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते अडकलेल्या कामांपैकी बहुतेकांचे मूळ त्यातच असते. नकाशातील एका तुकड्याचा आकार सर्वसाधारणपणे ६४ केबी असतो. गेस्टने त्यातील फक्त ८ केबी बदलले, तरी पूर्ण ६४ केबी पुन्हा पाठवावे लागतात. मोठी फाइल सलग लिहिली जात असेल तर याने फारसे बिघडत नाही, कारण शेजारची लेखने त्याच तुकड्यात पडतात. डेटाबेस मात्र डिस्कभर विखुरलेली लहान लहान पाने लिहितो. पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे असते, म्हणजे विखुरलेल्या लेखनात नक्कल करायचा भार प्रत्यक्ष लेखनाच्या आठपटीपर्यंत जाऊ शकतो. गेस्टच्या आलेखावर सेकंदाला १६ एमबी इतके किरकोळ लेखन दिसत असताना नेटवर्क का पुरत नाही, या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, गेस्ट क्रमांक १०४ मध्ये पोस्टग्रेस चालते. त्याची २०० जीबीची डिस्क होस्टच्या स्थानिक एलव्हीएम थिन पूलवर आहे आणि ती १ गिगाबिट नेटवर्कवरील एनएफएस स्टोरेजवर न्यायची आहे. या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. त्या हिशेबाने पहिली पूर्ण नक्कल सुमारे ३१ मिनिटांत व्हावी, आणि ती होतेही. त्यानंतर लॉगमध्ये पुढीलप्रमाणे ओळी दिसू लागतात.

```
drive-scsi0: transferred 231.4 GiB of 232.1 GiB (99.70%) in 35m 54s
drive-scsi0: transferred 237.8 GiB of 238.5 GiB (99.71%) in 36m 54s
```

या दोन ओळींत निदानासाठी लागणारे सारे काही आहे, पण टक्क्यांकडे पाहिले तर ते सुटते. डिस्क २०० जीबीची असताना एकूण आकडा २३२ आणि मग २३८ कसा झाला? नव्याने खूण लागलेले तुकडे एकूण कामात मिळवले जातात, म्हणून तो आकडा वाढत राहतो. एका मिनिटात ६.४ जीबी पाठवले गेले, म्हणजे जोडणी आपल्या पूर्ण वेगाने, सेकंदाला ११० एमबीने, काम करते आहे. तरीही एकूण आणि पाठवलेले यांतील फरक आधीही ०.७ जीबी होता आणि नंतरही ०.७ जीबीच आहे. हा फरक हीच खरी बाकी. ती घटत असेल तर थांबावे. ती एका पातळीवर स्थिर असेल तर कितीही थांबून उपयोग नाही.

बाकी नेमकी ०.७ जीबीवर का थांबते, हेही समजून घेण्यासारखे आहे. गेस्ट सेकंदाला २००० लेखने करतो आणि ती साधारण ६ जीबीच्या वापरातील भागात विखुरलेली आहेत, असे धरू. प्रत्येक लेखन ६४ केबीचा वेगळा तुकडा खराब करत असेल, तर सेकंदाला १२५ एमबीचे नवे काम तयार होते आणि जोडणी ११० एमबीच उचलते. बाकी वाढू लागते. मात्र ती वाढते तसतशी काही लेखने आधीच खूण लागलेल्या तुकड्यांवर पडतात आणि त्यांचा नवा भार होत नाही. त्या ६ जीबीपैकी सुमारे १२ टक्के भागावर खुणा असल्या, की नवे काम आणि उचललेले काम समान होते. ६ जीबीचे १२ टक्के म्हणजे सुमारे ०.७ जीबी. हा तोल आपोआप साधला जातो आणि आपोआप मोडत नाही, म्हणूनच लॉगमधील टक्के इतके ठाम एका जागी दिसतात.

निदान पक्के करायचे असेल तर गेस्टमध्ये `iostat -x 5` चालवून दर सेकंदाच्या लेखनांची संख्या पाहावी. लेखने लहान असतील, तर त्या संख्येला ६४ केबीने गुणले की भाराची वरची मर्यादा मिळते. प्रत्यक्ष भार त्याहून कमी असू शकतो, पण ही मर्यादा नक्कल होण्याच्या वेगाच्या जवळ येत असेल तर काम अडकणार असे गृहीत धरणेच शहाणपणाचे आहे.

उपाय करण्याआधी एक तपासणी

कधी कधी जोडणी वेगवान असते, लेखनही बेताचे असते आणि तरी काम अडकते. अशा वेळी कोणीतरी पूर्वी घातलेली वेगमर्यादा शोधावी. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्क हलवण्याच्या वेगाला संपूर्ण क्लस्टरसाठी किंवा एकेका स्टोरेजसाठी मर्यादा घालता येते. ती एकदा घातली, की घालणाऱ्याखेरीज कोणाच्या लक्षात राहत नाही.

```
grep bwlimit /etc/pve/datacenter.cfg /etc/pve/storage.cfg
```

येथे दिसणारा आकडा सेकंदाला किती केबी या मापात असतो. कार्यालयीन वेळेत इतर गेस्टना त्रास होऊ नये या चांगल्या हेतूने घातलेली ५० एमबीची मर्यादा वरच्या उदाहरणातील गेस्टला कधीच पार होऊ देणार नाही. तेवढ्या एका कामापुरती ती उठवायची असल्यास हलवण्याच्या आज्ञेला `--bwlimit 0` जोडावे.

बाकी शून्यावर आणण्याचा मार्ग

नक्कल करण्याचा वेग वाढवता येत नसेल, तर गेस्टचे लेखन कमी करणे हा एकच मार्ग उरतो. प्रथम टाळता येण्यासारखे लेखन टाळावे. रात्रीचा बॅकअप, इंडेक्स नव्याने बांधणे, व्हॅक्यूम, मोठी आयात, लॉग दाबून साठवणे ही कामे हलवण्याच्या वेळेपासून दूर ठेवावीत. पोस्टग्रेसबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्याचा चेकपॉइंट मूळ मांडणीत दर ५ मिनिटांनी होतो आणि आवृत्ती १४ पासून त्याचे लेखन त्या कालावधीच्या ९० टक्के भागावर पसरवले जाते. एरवी ही चांगली गोष्ट आहे, पण मिररला हवी असलेली उसंत त्यामुळे मिळत नाही. `checkpoint_timeout` तात्पुरता ३० मिनिटे केला आणि त्या प्रमाणात `max_wal_size` वाढवला, तर तीच पाने वारंवार लिहिली जाणे बरेच कमी होते. या दोन्ही बदलांना डेटाबेस बंद करावा लागत नाही, मांडणी पुन्हा वाचायला सांगणे पुरते. मात्र त्या काळात डेटाबेस कोसळला, तर पुन्हा उभा राहायला त्याला अधिक वेळ लागेल, याची जाणीव ठेवूनच हे करावे.

एवढ्याने भागले नाही, तर गेस्टच्या डिस्कवर लेखनमर्यादा घालावी. ही मर्यादा गेस्ट चालू असतानाच लागू होते. ती काम सुरू करण्यापूर्वी घालणे आवश्यक आहे, कारण डिस्क हलत असताना त्या गेस्टच्या कॉन्फिगवर कुलूप असते आणि `qm set` वाट पाहून परत येते.

```
qm config 104 | grep scsi0
qm set 104 --scsi0 local-lvm:vm-104-disk-0,discard=on,iothread=1,size=200G,iops_wr=500,mbps_wr=40
qm disk move 104 scsi0 nfs-nava --format qcow2
```

पहिली आज्ञा वगळू नये. `qm set` डिस्कची पूर्ण ओळ नव्याने लिहिते, त्यामुळे आधीचे `discard`, `iothread` किंवा `cache` यांसारखे पर्याय त्या ओळीत पुन्हा दिले नाहीत, तर ते गळून पडतात. म्हणून आधीची ओळ जशीच्या तशी घेऊन तिच्या शेवटी केवळ मर्यादा जोडाव्यात.

आकडे असे ठरले. सेकंदाला ५०० लहान लेखने म्हणजे जास्तीत जास्त ३१ एमबीचा भार, आणि जोडणी ११० एमबी उचलते. इतका मोठा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. मर्यादा १५०० वर ठेवली असती, तर भार ९४ एमबी झाला असता आणि कागदावर हिशेब जुळलाही असता, पण बाकी नेमकी शून्य होण्याचा क्षण फार क्वचित आला असता. `mbps_wr` वेगळे दिले आहे, कारण १ एमबीचे एक सलग लेखनही एकच लेखन म्हणून मोजले जाते आणि केवळ संख्येची मर्यादा त्याला अडवत नाही.

या मर्यादेची किंमत मोजावी लागते, ती मान्य केली पाहिजे. गेस्ट बंद पडत नाही, पण त्यातील व्यवहार पूर्ण व्हायला अधिक वेळ लागतो. एखाद्या अ‍ॅप्लिकेशनची प्रतीक्षामर्यादा फार कमी असेल तर त्यात चुका दिसू लागतात. दिवसाला लाखो व्यवहार करणाऱ्या गेस्टसाठी अर्धा तास मंद चालणे परवडत नसेल, तर ठरवून दहा मिनिटे बंद ठेवणेच अधिक प्रामाणिक असते, आणि ते वापरकर्त्यांना आधी सांगता येते. तेव्हाही मिररचा उपयोग होतोच. सर्व नक्कल चालू अवस्थेत होऊ द्यावी आणि शेवटी केवळ डेटाबेसची सेवा थांबवावी. लेखन थांबताच उरलेली ०.७ जीबी काही सेकंदांत जाते, डिस्क वळवली जाते आणि सेवा पुन्हा सुरू करता येते. लेखनमर्यादेपेक्षा मला हा मार्ग अनेकदा अधिक पसंत पडतो, कारण त्यातील खंड एक-दोन मिनिटांचा आणि आपल्या हातातला असतो.

मध्येच थांबवले तर

अडकलेले काम थांबवण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. वळवण्यापूर्वी मिरर कोणत्याही कारणाने तुटला, नवे स्टोरेज गायब झाले किंवा होस्टच बंद पडला, तरी गेस्टचा सर्व अद्ययावत डेटा जुन्या डिस्कवरच असतो. नवी अपुरी डिस्क तेवढी वाया जाते.

कधी कधी मात्र टास्क मेलेला असतो आणि क्यूएमूच्या आत मिरर चालूच राहतो. पुढचा प्रयत्न केला, की डिस्क दुसऱ्या कामात गुंतलेली असल्याचा संदेश येतो. तेव्हा `qm monitor 104` मध्ये जाऊन `info block-jobs` विचारावे. तेथे मिरर दिसला, तर त्याचे नाव पाहून तो रद्द करावा.

```
info block-jobs
block_job_cancel drive-scsi0
```

नाव आवृत्तीनुसार वेगळे असू शकते, म्हणून पहिल्या आज्ञेत जे दिसेल तेच दुसरीत द्यावे. त्यानंतर `qm disk rescan --vmid 104` चालवले, की नव्या स्टोरेजवर मागे राहिलेली अपुरी डिस्क कॉन्फिगमध्ये `unused` म्हणून दिसते आणि ती काढून टाकता येते. काढण्यापूर्वी ती खरोखर नव्या स्टोरेजवरचीच आहे ना, हे नाव वाचून पाहावे.

जागेचा घोळ

वेगाइतकाच त्रास जागेमुळेही होतो. थिन पूलवरील ५०० जीबीच्या डिस्कने प्रत्यक्षात १८० जीबीच व्यापलेले असू शकतात, पण हलवल्यानंतर ती नव्या ठिकाणी पूर्ण ५०० जीबी व्यापेल, असेच आधी गृहीत धरावे. नवे ठिकाणही थिन पूलच असेल आणि तो भरला, तर फटका केवळ या गेस्टला बसत नाही. त्या पूलवरील प्रत्येक गेस्टचे लेखन अडते आणि एकेक गेस्ट `io-error` अवस्थेत जाऊन थांबतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी `lvs` मध्ये पूलच्या `Data%` बरोबर `Meta%` हाही स्तंभ पाहावा. जागा शिल्लक असूनही मेटाडेटा भरल्याने पूल ठप्प होऊ शकतो.

हलवून झाल्यावर गेस्टमध्ये `fstrim -av` चालवले, की न वापरलेली जागा परत मिळते. त्यासाठी डिस्कवर `discard=on` असावे लागते. हा पर्याय चालू गेस्टवर बदलला, तर तो प्रलंबित राहतो आणि गेस्ट पूर्ण बंद करून सुरू केल्यावरच लागू होतो. तो नसेल तर ही जागा आजच परत मिळणार नाही, हे धरूनच हिशेब करावा.

स्नॅपशॉट असलेल्या डिस्कबाबत थोडक्यात सांगायचे, तर स्नॅपशॉट डिस्कबरोबर जात नाहीत, आणि जुनी डिस्क लगेच काढण्याचा पर्याय निवडला असेल तर प्रॉक्समॉक्स कामच नाकारतो. तसेच विंडोज ११ च्या गेस्टला असते ती टीपीएम अवस्थेची छोटी डिस्क गेस्ट चालू असताना हलवता येत नाही. जुने स्टोरेज पूर्ण रिकामे करायचे असेल, तर तिच्यासाठी गेस्ट एकदा बंद करावाच लागतो.

काम संपल्यावरची तपासणी

लॉगमध्ये काम यशस्वी दिसले तरी एक पडताळणी करावी. डिस्क आधी वळवली जाते आणि कॉन्फिग त्यानंतर लिहिले जाते. या दोहोंमधील काळ फार लहान असतो, पण नेमक्या त्याच वेळी क्लस्टरचा कोरम गेला, तर `/etc/pve` केवळ वाचण्यापुरते उरते आणि नवे नाव कॉन्फिगमध्ये जात नाही. मग गेस्ट नव्या डिस्कवर लिहीत असतो आणि कॉन्फिग जुन्या डिस्ककडे बोट दाखवत असते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. पुढच्या वेळी गेस्ट बंद करून सुरू केला, की तो जुन्या डिस्कवर उठतो आणि मधल्या काळातील सर्व नोंदी गायब दिसतात.

म्हणून `qm config 104` मधील डिस्कचे नाव आणि `qm monitor 104` मधील `info block` मध्ये दिसणारा मार्ग शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही एकाच नव्या डिस्कचे असले पाहिजेत. तसे नसतील तर गेस्ट बंद करू नये, नवीन डिस्कला हात लावू नये, आतील डेटाचा बॅकअप गेस्टच्या आतूनच घ्यावा आणि त्यानंतरच कॉन्फिग दुरुस्त करावे.

दोन्ही नावे जुळली, की लेखनमर्यादा काढावी. आता डिस्कचे नाव बदललेले असल्याने `qm config` मधील नवी ओळ घेऊन, तिच्यातून `iops_wr` आणि `mbps_wr` एवढेच वगळून ती पुन्हा द्यावी. मर्यादा डिस्कबरोबर नव्या ठिकाणी जातात. त्या काढायच्या राहिल्या, तर पुढचे कित्येक दिवस नवे स्टोरेजच मंद आहे असा समज होतो.

जुनी डिस्क `unused0` म्हणून उरते. ती एक-दोन दिवस ठेवायला हरकत नाही, पण वळवल्याच्या क्षणानंतरचे काहीही तिच्यावर नाही, हे विसरू नये. काही तपासण्यासाठी ती त्याच गेस्टला जोडू नये. दोन्ही डिस्कवरील फाइल सिस्टिमची आणि एलव्हीएमची ओळखचिन्हे एकच असल्याने पुढच्या बूटच्या वेळी गेस्ट नेमकी कोणती डिस्क उचलेल, याची खात्री देता येत नाही. तिच्यातील काही पाहायचेच असेल, तर ती वेगळ्या गेस्टला केवळ वाचण्यापुरती जोडावी. नव्या डिस्कवर गेस्ट एकदा व्यवस्थित बंद होऊन सुरू झाला आणि नव्या ठिकाणाहून एक बॅकअप पूर्ण झाला, की ती काढून टाकावी.